एसएलए-तला एक परिच्छेद, चार अर्थ. नीट कसा लिहावा?

टिपणवही

मंडळी, आमच्या कंपनीत सॉफ्टवेअर सेवेचा करार नव्याने करायचा आहे. एसएलए-चा, म्हणजे सेवा कशी आणि किती वेळेत द्यायची हे ठरवणाऱ्या कराराचा, मसुदा तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी वकील नाही, कामकाज विभागात आहे. जुन्या करारातला हा परिच्छेद बघा:

"पुरवठादार गंभीर तक्रारींना कामकाजाच्या वेळेत चार तासांच्या आत प्रतिसाद देईल व आठ तासांत त्यांचे निवारण करेल. नियोजित देखभाल, त्रयस्थाकडील बिघाड आणि ग्राहकाकडून होणारा विलंब लेखी सूचना दिली असल्यास यातून वगळले जातील."

वाचताना काही खटकत नाही. मलाही वर्षभर खटकलं नव्हतं. मग एका शुक्रवारी १६:२० ला आमची लॉगिन बंद पडली. त्याच मिनिटाला सपोर्टला मेल केली, १६:२१ ला आपोआप पोच आली. त्यांच्या माणसाने १६:५० ला तिकीट उघडलं, तेही 'मध्यम' म्हणून. सोमवारी १०:४० ला इंजिनिअरने तिकिटात पहिल्यांदा काहीतरी लिहिलं आणि लॉग मागितला. आम्ही तो १२:१० ला दिला. १५:०० ला त्याने पाहिला आणि १७:१० ला सेवा सुरू झाली.

महिनाअखेरच्या अहवालात या तिकिटापुढे 'वेळेत' अशी हिरवी खूण केलेली. आमच्या हिशेबाने दोन्ही मुदती चुकल्या होत्या. दोन्ही बाजू हाच परिच्छेद एकमेकांना वाचून दाखवत होत्या! नवीन करारात हे टाळायचंय. तुम्ही कसं लिहाल?

शब्दशोधक

'प्रतिसाद' हा शब्दच इथे चुकीचा आहे. तक्रारीला 'प्रत्युत्तर' म्हणावं. 'निवारण' ऐवजी 'निराकरण' अधिक नेमकं. आणि 'एसएलए' कशाला, 'सेवास्तर करार' हा सुंदर शब्द आहे की.

टिपणवही

शब्दशोधक, शब्द मराठी झाला तरी सोमवारच्या १०:४० ला शुक्रवारच्या १६:२० पासून किती तास झाले ते कळत नाही हो. माझी अडचण ती आहे.

कलमबहाद्दर

उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका. मसुदा पुरवठादाराने लिहिला होता ना? कायद्याचं तत्त्व आहे, कॉन्ट्रा प्रोफेरेंटेम. कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर ज्याने लिहिलं त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरतात. म्हणजे संदिग्धता तुमच्याच फायद्याची. मी तर म्हणेन आहे तसंच राहू द्या.

करारपंत

कलमबहाद्दर, तत्त्व खरं आहे, पण तुम्ही ते भलत्या जागी उभं केलंय. बाकी सगळे मार्ग संपल्यावर ते वापरायचं असतं. आधी शब्द, संदर्भ, दोन्ही बाजूंचा व्यवहार हे सगळं बघतात. दोन जाणत्या कंपन्यांनी वाटाघाटी करून सही केलेली असेल तर त्याचा जोर आणखी कमी होतो. शिवाय बऱ्याच करारांत शेवटी एक ओळ असते, 'हा मसुदा दोन्ही पक्षांनी मिळून केला आहे असे मानावे'. ती असली की हे हत्यार बहुतेक बोथटच. आणि मुख्य म्हणजे या वेळी मसुदा टिपणवहीच दुरुस्त करताहेत. मग लिहिणारे कोण ठरले?

आता मूळ परिच्छेद. 'कामकाजाच्या वेळेत' हे शब्द कशाला चिकटलेत ते कोणी सांगू शकेल का? मला तीन वाचनं दिसतात. एक, चार तास मोजताना फक्त कामाचे तास मोजायचे. दोन, तक्रार कामाच्या वेळेत आली तर घड्याळाचे सलग चार तास, आणि इतर वेळी आली तर करार गप्प. तीन, चार तास सलगच, पण उत्तर देणारा माणूस कामाच्या वेळेतच उत्तर देईल. तिसरं वाचन रात्रीच्या तक्रारीला अशक्यच ठरतं, पण म्हणून ते कोणी करणार नाही असं नाही.

तुमच्या शुक्रवारवर हे लावून बघा. कामाची वेळ ९ ते १८ धरतो. पहिल्या वाचनाने शुक्रवारचा १ तास ४० मिनिटं आणि सोमवारचा १ तास ४० मिनिटं, मिळून ३ तास २० मिनिटं. वेळेत. दुसऱ्या वाचनाने मुदत शुक्रवारी २०:२० लाच संपली. घड्याळ तिकीट उघडल्यापासून धरलं तर २ तास ५० मिनिटं. आणि आपोआप आलेली पोच हाच प्रतिसाद म्हटलं तर एक मिनिट! चारही उत्तरं तुमच्याच वाक्यातून निघतात, बाहेरून काही आणावं लागत नाही.

रात्रपाळी

मी पलीकडच्या बाजूचा माणूस आहे, सपोर्ट डेस्कवर बसतो. तेव्हा आमचीही बाजू ऐका. आपोआप पोचेला प्रतिसाद म्हणणं लाजिरवाणं आहे हे आम्हालाही कळतं. पण टूलमध्ये 'First Response' चं घड्याळ कशावर थांबवायचं हे कोणीतरी एकदा सेटिंगमध्ये ठरवलेलं असतं, करार न वाचता. अहवाल त्या सेटिंगमधून निघतो. तुम्ही करारात कितीही सुंदर वाक्य लिहा, टूलमध्ये तसं घड्याळ बसवलंय का ते विचारा. नाहीतर सहीच्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा हिरव्या खुणा.

बाकी 'Pending' बद्दलही सांगतो. आम्ही ग्राहकाकडे काही मागितलं की तिकीट Pending वर जातं आणि घड्याळ थांबतं. ग्राहकाचं उत्तर पोर्टलवर आलं तर बहुतेक टूल ते आपोआप उघडतात. दुसरीकडे कुठे आलं तर माणूस हाताने उघडेपर्यंत थांबलेलंच राहतं. तुमचं १५:०० पर्यंत थांबलं असणार.

टिपणवही

अगदी तसंच झालं. त्यांनी १०:४० ते १५:०० असे ४ तास २० मिनिटं 'ग्राहकाकडून विलंब' म्हणून वजा केले. आमच्याकडून झालेला विलंब १२:१० पर्यंतचा, म्हणजे दीड तास.

करारपंत

मग आठ तासांचाही हिशेब करा. शुक्रवारी १ तास ४० मिनिटं, सोमवारी ९:०० ते १७:१० म्हणजे ८ तास १० मिनिटं. एकूण ९ तास ५० मिनिटं. दीड तास वजा केला तर ८ तास २० मिनिटं, मुदत वीस मिनिटांनी चुकली. ४ तास २० मिनिटं वजा केली तर साडेपाच तास, आरामात वेळेत. 'ग्राहकाकडून होणारा विलंब' संपतो कधी हे परिच्छेदात नाही, म्हणून निकाल टूलच्या एका बटणावर गेला.

वगळण्याच्या वाक्यात याहून मोठं भगदाड आहे. 'लेखी सूचना दिली असल्यास' ही अट शेवटच्याच गोष्टीला आहे की तिन्हींना? मराठी वाक्यात अट क्रियापदाजवळ आली की ती मागच्या सगळ्यावर पसरते असं वाटतं, आणि शेवटच्या नामाला लागून आली म्हणून त्याचीच आहे असंही वाटतं. सूचना कोणी कोणाला द्यायची, बिघाडाच्या आधी की नंतर, तेही नाही. आणि 'यातून' म्हणजे कशातून? चार तासांतून, आठ तासांतून, की अख्खं तिकीटच महिन्याच्या हिशेबातून बाहेर?

स्वल्पविरामवाला

हे वाचून कॅनडातलं प्रकरण आठवलं. रॉजर्स आणि अलियंट या दोन कंपन्यांचा खांबांवरून केबल नेण्याचा करार होता, मुदत पाच वर्षं. एक वर्षाची नोटीस देऊन करार संपवता येईल ही अट पहिल्या पाच वर्षांनाही लागू की नंतरच्याच मुदतींना, असा वाद. २००६ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने एका स्वल्पविरामाच्या जागेवरून अलियंटच्या बाजूने निकाल दिला, म्हणजे पहिल्या पाच वर्षांतही संपवता येईल. २००७ मध्ये तो फिरला, कारण त्याच मजकुराच्या फ्रेंच प्रतीत संदिग्धता नव्हती. तेव्हा विरामचिन्हं जपा.

करारपंत

प्रकरण चपखल आहे, पण माझा धडा उलटा. विरामचिन्हं जपू नका, त्यांच्यावर काही अवलंबून राहणारच नाही असं लिहा. अट ज्या गोष्टीची आहे तिच्याच वाक्यात ती बसवा आणि प्रत्येक वगळणुकीला स्वतंत्र वाक्य द्या. मजकूर लांबतो, लांबू दे.

आणि टिपणवही, फ्रेंच प्रतीचा मुद्दा तुम्हालाही लागू आहे. करार दोन भाषांत असेल तर कोणती प्रत ग्राह्य हे लिहा.

टिपणवही

आहे, मराठी आणि इंग्रजी. इंग्रजी ग्राह्य असं शेवटच्या पानावर आहे. म्हणजे जिच्यावर मी एवढी मेहनत घेतेय ती प्रत शोभेची. 🙂 दोन्ही एकदमच बदलते.

रविवारी बसून हे लिहिलंय, फोडून काढा:

"कामाचा तास म्हणजे सोमवार ते शुक्रवार, ग्राहकाच्या मुख्य कार्यालयाच्या स्थानिक वेळेनुसार ९:०० ते १८:०० यांमधील तास. परिशिष्टातील सुट्ट्यांचे दिवस यात येत नाहीत. या परिच्छेदातील प्रत्येक मुदत फक्त कामाच्या तासांत मोजली जाईल.

गंभीर तक्रार सपोर्टच्या मेल पत्त्यावर किंवा पोर्टलवर पोचल्याची जी वेळ पुरवठादाराच्या सर्व्हरने नोंदवली असेल, त्या वेळी घड्याळ सुरू होईल. त्यानंतर ४ तासांत पुरवठादार प्रतिसाद देईल. प्रतिसाद म्हणजे बिघाड हाताळणाऱ्या अभियंत्याने तिकिटात आपले नाव, बिघाडाबद्दलची आपली समजूत आणि पुढची कृती लिहिणे. आपोआप पाठवलेली पोच प्रतिसाद धरली जाणार नाही.

घड्याळ सुरू झाल्यापासून ८ तासांत पुरवठादार सेवा पूर्ववत करेल. तात्पुरत्या उपायाने वापरकर्ते काम करू शकत असतील तरी सेवा पूर्ववत झाली असे धरले जाईल.

या ८ तासांतून पुढील तीनच कालावधींची मिनिटे वजा होतील. पहिला: जिची लेखी सूचना पुरवठादाराने किमान ५ कामाचे दिवस आधी ग्राहकाला दिली आहे अशा देखभालीचा, सूचनेत लिहिलेल्या वेळेपुरता. दुसरा: पुरवठादाराने स्वतः न नेमलेल्या त्रयस्थाच्या यंत्रणेत बिघाड असल्याचा. तिसरा: पुरवठादाराने तिकिटात विशिष्ट माहिती मागितल्यापासून ग्राहकाने ती देईपर्यंतचा. एकच मिनिट दोन कारणांत बसत असेल तरी ते एकदाच वजा होईल. ४ तासांच्या मुदतीतून काहीही वजा होणार नाही."

रात्रपाळी

प्रामाणिकपणे सांगतो, हे वाचून मला टूलची सेटिंग लावता येईल. जुन्यावरून कधीच आली नसती. एक बारीकसं: मध्ये जेवणाची सुट्टी धरायची का? हसू नका, आमच्याकडे एका ग्राहकाशी यावर खरंच वाद झालाय. '९:०० ते १८:०० सलग' असं लिहा.

दुसरं, 'पुरवठादाराने स्वतः न नेमलेला त्रयस्थ' हे आमच्या व्यवस्थापनाला झोंबणार. आमचे सर्व्हर भाड्याचे. ते पडले तर आम्ही काय करणार?

करारपंत

ते तुम्ही निवडलेत, ग्राहकाने नाही. त्यांच्याशी तुमचा वेगळा एसएलए आहे, तिथे भांडा. ज्याच्याशी ग्राहकाचा करारच नाही त्याच्या बिघाडाचा भार ग्राहकावर टाकणारी वगळणूक म्हणजे वचन एका हाताने देऊन दुसऱ्याने परत घेणं. अर्थात हा सौद्याचा भाग आहे, भाषेचा नाही. पुरवठादार नाही म्हणाला तर निदान नावं घालायला लावा: अमुक आणि तमुक, बाकी कोणी नाही. 'त्रयस्थ' हा मोकळा शब्द राहू देऊ नका. अशा यादीच्या शेवटी 'इत्यादी' सुद्धा नको.

बाकी मसुदा बरा आहे, पण बरा म्हणजे काय ते असं कळत नाही. माझी एक सवय सांगतो. मसुदा आणि प्रत्यक्ष घडलेल्या एका प्रसंगाच्या वेळा दोन माणसांना वेगवेगळ्या द्यायच्या. एक अनुकूल, एक प्रतिकूल. एकमेकांशी न बोलता मिनिटं काढायची. आकडे जुळले नाहीत तर जिथे फाटे फुटले तिथेच वाक्य नासकं आहे. रात्रपाळी आणि कलमबहाद्दर, कराल का? तोच शुक्रवार, १६:२० ची मेल. एकमेकांचं उत्तर न बघता मला निरोपातून पाठवा. टिपणवही, तोवर लॉग कसा पाठवलात तेही सांगा.

टिपणवही

१२:१० ला इंजिनिअरच्या मेलवर. त्याने त्याच पत्त्यावरून मागितला होता असं आमच्या माणसाला वाटलं. १२:४० ला त्यांच्या डेस्कने तो तिकिटाला जोडला.

करारपंत

दोघांची उत्तरं आली. प्रतिसादाचे दोघांचेही ३ तास २० मिनिटं, मुदत सोमवारी ११:२० ची, म्हणजे वेळेत. चार अर्थांचा एक झाला, तो भाग पक्का.

सेवा पूर्ववत होण्याचे मात्र कलमबहाद्दर ८ तास २० मिनिटं म्हणतात, रात्रपाळी ७ तास ५० मिनिटं. एकाच्या मते मुदत चुकली, दुसऱ्याच्या मते पाळली. रात्रपाळी, कसं काढलंत?

रात्रपाळी

'ग्राहकाने ती देईपर्यंत' असं लिहिलंय. मी 'देणं' म्हणजे तिकिटात येणं धरलं, १२:४०. कारण मागणी तिकिटात केली असं तुम्हीच लिहिलंय. एखाद्या इंजिनिअरच्या मेलबॉक्सात पडलेली फाइल आम्हाला दिसत नाही, तो सुट्टीवर असला तर चार दिवस दिसणार नाही. म्हणून दोन तास वजा.

कलमबहाद्दर

मी १२:१० धरलं. त्यांच्या माणसाच्या हातात दिलं म्हणजे दिलं. आता मान्य करतो, 'आहे तसंच राहू द्या' हा माझा सल्ला या तीस मिनिटांपुढे टिकत नाही. तरी न्यायालयात माझंच वाचन टिकलं असतं.

करारपंत

कदाचित. पण त्यासाठी न्यायालयात जावं लागलं असतं. टिपणवही, शेवटचा कालावधी असा करा: "पुरवठादाराने तिकिटात विशिष्ट माहिती मागितल्याच्या नोंदीपासून, ती माहिती सपोर्टच्या मेल पत्त्यावर किंवा पोर्टलवर पोचल्याच्या सर्व्हरच्या नोंदीपर्यंतचा. माहिती अपुरी असल्यास पुरवठादाराने काय कमी आहे ते तिकिटात लिहिल्यापासून नवा कालावधी सुरू होईल." घड्याळ सुरू करायला जो पत्ता, थांबलेलं पुन्हा चालू करायलाही तोच. १२:४० तुमच्या विरुद्ध जाईल, पण पुढच्या वेळी तुमचा माणूस योग्य पत्त्यावर पाठवेल आणि तिकिटाला जोडायला लागणारा वेळ तुमच्या माथी येणार नाही.

स्वगत

आमच्याकडे ९९.९ टक्के अपटाइमची हमी होती. तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटांच्या आसपास बंद चालतं. आम्ही पाऊण तास बंद होतो, त्यांनी तिमाहीवर मोजून दाखवलं. तुमच्याकडे 'महिना' की 'तिमाही' ते बघा.

टिपणवही

स्वगत, अपटाइमचं कलम वेगळं आहे, पण धन्यवाद, तिथेही 'कालावधी' एवढाच शब्द आहे. 😐 त्यावर स्वतंत्र धागा काढते.

एक गोष्ट अजून अडतेय. माझ्या मसुद्यात 'गंभीर तक्रार' हे शब्द तसेच आहेत. आमचं तिकीट 'मध्यम' म्हणून उघडलं होतं. म्हणजे ते म्हणू शकतात की हा परिच्छेद लागूच नाही.

रात्रपाळी

आणि तुम्ही ठरवायचं म्हटलं तर बटणाचा रंग आवडला नाही हेसुद्धा गंभीर होतं. अनुभवाने सांगतो, ग्राहकाच्या हातात दिलं की महिन्याभरात सगळंच गंभीर. मग खरं गंभीर कोणतं ते आम्हालाच ओळखत बसावं लागतं.

करारपंत

म्हणून कोणाच्या मताऐवजी दिसणारी खूण लिहा. 'कोणताही वापरकर्ता लॉगिन करू शकत नाही' किंवा 'भरलेली नोंद जतन होत नाही' असं काहीतरी, जे दोघांना एकाच पडद्यावर तपासता येईल. 'व्यवसायावर मोठा परिणाम' ही खूण नव्हे. वाद झालाच तर ग्राहकाने लिहिलेली पातळी धरून घड्याळ चालू ठेवायचं आणि नंतर महिन्याच्या बैठकीत दुरुस्ती करायची. बिघाड चालू असताना पातळीवर भांडण नको.

रात्रपाळी

'कोणताही वापरकर्ता' म्हणजे एकही वापरकर्ता नाही, की कुठलातरी एक? एकाचा पासवर्ड विसरला तरी गंभीर?

करारपंत

हा हा, माझ्याच वाक्यात सापडलात. 'एकही वापरकर्ता लॉगिन करू शकत नाही' करा. पण मग निम्मे वापरकर्ते अडकले तर? टक्केवारी घालावी तर ती मोजणार कोण, हा प्रश्न उरतो. त्याला माझ्याकडे तयार वाक्य नाही.

टिपणवही

पुरवठादाराकडून आजच उत्तर आलं. सलग ९ ते १८ मान्य, मेल-पोर्टलचा नियम मान्य, आपोआप पोच प्रतिसाद नाही हेही मान्य. त्रयस्थाच्या जागी त्यांनी पाच नावं दिली आहेत, त्यातली दोन आम्ही कधी ऐकलेलीही नाहीत. ती कशासाठी ते विचारलंय. 'गंभीर'ची व्याख्या त्यांच्या कायदा विभागाकडे अडकलीय, तिथून 'वाजवी मूल्यांकनानुसार' असे शब्द घालून परत येईल असं त्यांच्याच माणसाने फोनवर सांगितलं. रात्रपाळी, निम्म्या वापरकर्त्यांसाठी तुमच्या टूलमध्ये मोजायची काही सोय असते का? असेल तर तोच आकडा व्याख्येत घालायचा प्रयत्न करते.

रात्रपाळी

लॉगिन अयशस्वी झाल्याची नोंद असते, दर पाच मिनिटांची बेरीज काढता येते. पण ती आमच्या सर्व्हरवर. तुम्हाला बघायची परवानगी मागून घ्या, नाहीतर पुन्हा आमचाच अहवाल वाचत बसाल.